रात्रीच्या स्लीपर बसमध्ये झोपेची गोळी : आमचा प्रवास आणि पुढे जाणाऱ्यांसाठी थोडं काही

बस वेळेवर सुटली, रस्ता बरा होता. प्रवासाबद्दल एवढं पुरे, कारण मध्यरात्रीनंतर सगळं लक्ष एका सहप्रवाशाकडे गेलं. खालच्या बर्थवर तो उताणा झोपला होता आणि घोरण्यात पाण्यासारखी गुळगुळ ऐकू येत होती. गाढ झोपेतलं घोरणं असं नसतं. जीभ मागे पडून किंवा तोंडात लाळ, उलटी साचून श्वासाची वाट अर्धवट अडली की असा आवाज येतो. त्याच्या मित्राने सांगितलं, बसमध्ये चढायच्या आधी दारू झाली होती आणि वर झोपेच्या गोळ्या. दोन्ही मिळून श्वास मंदावतात, त्यामुळे ‘झोपू द्या, उतरेल’ हा सल्ला इथे धोक्याचा.

मोठ्याने हाक मारली, खांद्याचा स्नायू जोरात चिमटला. तो फक्त कण्हला. मग हनुवटी वर उचलून, कान त्याच्या तोंडाजवळ नेऊन दहा सेकंद छाती पाहिली. श्वास संथ होता, पण नियमित. चालकाने बस कडेला घेतली. रुग्णवाहिकेला फोन करताना त्यानेच किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगितला. रात्री हमरस्त्यावर दुसरा पत्ता नसतो.

आता कुशीवर वळवणं. त्याचा पॅसेजकडचा हात काटकोनात बाहेर काढला. बर्थ अरुंद, म्हणून तो कडेबाहेर राहिला. पलीकडचा हात छातीवरून आणून पंजाची मागची बाजू अलीकडच्या गालाखाली धरली. पलीकडचा गुडघा उभा केला आणि तोच ओढून त्याला आपल्याकडे वळवलं. वरचा पाय नितंबात आणि गुडघ्यात काटकोनात ठेवला, म्हणजे शरीर पोटावर लोळत नाही. शेवटी डोकं मागे कलवून तोंड किंचित खाली केलं. लगेच लाळ बाहेर ओघळली आणि गुळगुळ थांबली. पॅसेजच्या बाजूला वळवल्याने चेहरा दिसत राहतो. पडू नये म्हणून मित्र बर्थला टेकून बसला.

कुणी कॉफी आणली, कुणी मीठ-पाणी पाजून उलटी करवायला सांगत होतं. दोन्ही नाकारलं. धड शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात घातलेलं फुप्फुसात जाऊ शकतं. तोंडावर पाणी मारण्यानेही काही साधत नाही.

वाट पाहताना श्वासावरून नजर हटवली नाही. अधूनमधून आचके द्यावेत तसा श्वास म्हणजे श्वास नव्हे. तो तसा झाला किंवा थांबला, तर कुशी सोडून कठीण जमिनीवर उताणं करायचं आणि छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं, मदत येईपर्यंत. त्यासाठी पॅसेजमधल्या बॅगा आधीच हलवून ठेवल्या होत्या. तशी वेळ आली नाही.

रुग्णवाहिकेसोबत गोळ्यांची रिकामी पाकिटं दिली आणि किती, कधी, कशासोबत हे मित्राने सांगितलं. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात. लाजेपोटी दारूचा उल्लेख गाळू नका.