खोली 14.8, अधिक-उणे किती?

चाकणच्या एका गिअरबॉक्स कारखान्याची डिझाइन इंजिनिअरसाठी जाहिरात दिसली आणि रेझ्युमे पाठवायला निघाले, तर मामा म्हणाला, "आधी प्रिंट काढून दे." मामाची तीस वर्षं क्वालिटीत गेलेली. एका हाताशी जाहिरात, दुसऱ्या हाताशी माझं पान, आणि लाल पेन.

सॉफ्टवेअरच्या ओळीत मी ऑटोकॅडपासून एनएक्सपर्यंत पाच नावं लिहिली होती, प्रत्येकापुढे चांदण्या. जाहिरातीत फक्त क्रिओ होतं. "क्रिओत काय काढलंयस?" कॉलेजातला एक कोर्स, बास. चांदण्या गेल्या. उरलं ते असं: सॉलिडवर्क्स, 4 वर्षं, कास्टिंग आणि मशिनिंगची ड्रॉइंग्ज, क्रिओ, कोर्सपुरतं. मला ते दुबळं वाटलं होतं, खरं सांगते.

पुढची ओळ होती 'टॉलरन्सचं उत्तम ज्ञान', म्हणजे मापात किती अधिक-उणे चालेल त्याचं. "हे तर सगळेच लिहितात गं. तू कुठलं माप बदललंस ते सांग."

मग मला आमचं बेअरिंग हाउसिंग आठवलं. 6205 बेअरिंगची रुंदी 15 मिमी, पण ते 0.12 ने कमी, म्हणजे 14.88 सुद्धा येऊ शकतं. हाउसिंगमधल्या खाचेची खोली होती 14.8, म्हणजे बेअरिंग थोडं वर राहून कव्हरने ते दाबून धरावं. पण त्या मापापुढे टॉलरन्सच नव्हता. मग ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमधला सर्वसाधारण टॉलरन्स, आयएसओ 2768-m, लागू व्हायचा, या मापाला ±0.2. खोली 15.0 आली तरी तपासणीत पास. त्यात 14.88 चं बेअरिंग बसलं की ते 0.12 खाली राहणार, कव्हर टेकणारच नाही. दोन्ही पार्ट ओके, आणि असेंब्ली आवाज करते! मी ±0.05 दिला. खोली फार तर 14.85, सर्वांत अरुंद बेअरिंगही 0.03 वर. उलट टोकाला कव्हर आणि हाउसिंगमध्ये 0.25 ची फट राहायची, ती त्या कव्हरला चालत होती.

मामाने हे दोन ओळींत बसवलं, आकड्यांसकट. 'प्रॉडक्ट डेव्हलपमेंटचा अनुभव' खोडून 'प्रोटोटाइप चाचणीपासून पीपीएपीपर्यंत' केलं, म्हणजे ग्राहकाची पार्टला मंजुरी मिळेपर्यंत, कारण कन्सेप्ट दुसऱ्यांचा होता.

मुलाखतीत साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. "ते हाउसिंग काढा. ±0.05 ने खर्च वाढला नाही का?" मी सांगितलं, बोअर आणि खाचेचा तळ सीएनसी लेथवर एकाच सेटिंगमध्ये व्हायचे, पण वरचा फेस दुसऱ्या सेटिंगमध्ये, म्हणून चूक तिथे शिरायची. फेसही पहिल्याच सेटिंगमध्ये घेतला आणि माप टिकलं. अर्धा तास त्यातच गेला. क्रिओबद्दल एकच प्रश्न आला, "किती दिवसांत हात बसेल?" मी दोन महिने म्हणाले.

प्रत्यक्षात साडेतीन लागले.