शून्य झालेली रात्र

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एका बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजचं रोजचं वीजखर्चाचं मॉडेल मी करत होतो. दोन वर्षांचा डेटा, अकरा कॉलम. साध्या रिग्रेशननं दुपारच्या तापमानाला +310 युनिट दिले आणि रात्रीच्या तापमानाला −190. म्हणजे रात्र तापली की वीज वाचते! दोन्ही तापमानं जवळपास एकत्रच वरखाली होतात. त्यामुळे एकाला फुगवून दुसऱ्याला उणे केलं तरी चूक फारशी वाढत नव्हती.

मग अशा फुगलेल्या आकड्यांवर, म्हणजे गुणांकांवर, दंड लावणाऱ्या दोन पद्धती घेतल्या: रिज आणि लासो. सगळे कॉलम एका मापावर आणून रिज चालवला, तर 58 आणि 55 आले. लासोनं मात्र दुपारला 104 दिले आणि रात्रीला शून्य. मला लासोच आवडला, कॉलम कमी होतात ना. तक्ता घेऊन गेलो.

तिथले कंप्रेसर सांभाळणारे काका चष्मा वर करून म्हणाले, "अहो, मे महिन्यात रात्र गार पडली नाही तर मशीन थांबतच नाही. आणि तुम्ही रात्रीलाच शून्य केलंत?"

उत्तर नव्हतं. घरी येऊन वहीत दोन आकडे मांडले. कॉलमांचा एकमेकांशी संबंधच नाही, असं धरलं तर हिशोब सोपा होतो. गुणांक 5 आणि 0.6, दंड 1. रिज दोघांना (1 + 1) नं भागतो, 2.5 आणि 0.3 उरतात. लासो दोघांकडून 1 वजा करतो, आणि ज्याच्याकडे तेवढं नाही त्याचं शून्य करतो: 4 आणि 0. गणपतीची वर्गणीच म्हणा. रिज कमाईच्या प्रमाणात घेतो, म्हणून कुणाचा खिसा पूर्ण रिकामा होत नाही. लासोची पावती सगळ्यांना सारख्याच रकमेची.

पण रात्रीचा खिसा मुळात रिकामा नव्हता. दुपारनं जवळपास सगळं सांगून टाकल्यावर रात्रीकडे स्वतःचं असं थोडंच उरलं होतं, आणि ते पावतीपेक्षा कमी भरलं. हे खरं असेल तर डेटा थोडा हलवल्यावर पारडं फिरायला हवं.

म्हणून त्याच डेटातून दिवस परत परत चिठ्ठ्या काढल्यासारखे निवडले आणि त्याच `alpha` वर, म्हणजे तेवढ्याच दंडावर, शंभर वेळा लासो चालवला. 57 वेळा रात्र शून्य, 38 वेळा दुपार! 'रविवार' हा कॉलम मात्र 97 वेळा गेला. ते शून्य मी मान्य केलं, कारण सुट्टीच्या दिवशीही बटाटे थंडच ठेवावे लागतात.

दुसऱ्या दिवशी रविवार काढून रिजचा तक्ता काकांना दाखवला. 55 वर बोट ठेवून म्हणाले, "हं. आता मे महिन्याचं बघा, तेव्हा हे कमीच आहे."

ते निराळं काम निघालं. एकच गुणांक वर्षभर कसा चालेल?