व्यवहारतोलाची बेरीज शून्यावर आणताना : माझा अनुभव

अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासात व्यवहारतोल, म्हणजे देशाच्या इतर देशांशी झालेल्या सगळ्या आर्थिक व्यवहारांचा हिशेब, मांडण्याचा स्वाध्याय मिळाला. त्यासोबत आलेल्या छापील तक्त्याचा राग मला अजूनही येतो, कारण त्यात प्रत्येक व्यवहाराला एकच ओळ आणि रकमेचा एकच रकाना होता.

व्यवहार साधे आणि आकडे काल्पनिक होते : नाशिकच्या द्राक्षांची नेदरलँड्सला १०० कोटी रुपयांची निर्यात, १५० कोटींच्या खनिज तेलाची आयात, आखातातील कामगारांनी घरी पाठवलेले ३० कोटी, चाकणच्या कारखान्यात परदेशी कंपनीची ६० कोटींची गुंतवणूक आणि रिझर्व्ह बँकेने बँकांकडून केलेली २० कोटींची डॉलरखरेदी. पहिले तीन चालू खात्यात, म्हणजे आयात-निर्यात आणि घरी पाठवलेल्या पैशांसारख्या व्यवहारांच्या खात्यात गेले आणि तिथे २० कोटींची तूट आली. गुंतवणूक आणि परदेशी मालमत्तेतील बदल नोंदवणाऱ्या भांडवली खात्यात ६० कोटी जमा झाले. बेरीज शून्य यायला हवी असताना ४० कोटी उरत होते, आणि डॉलरखरेदीला तर तक्त्यात जागाच नव्हती.

अखेर तो तक्ता बाजूला ठेवून कोऱ्या कागदावर जमा आणि नावे असे दोन रकाने आखले आणि प्रत्येक व्यवहाराच्या सारख्याच रकमेच्या दोन नोंदी केल्या, तेव्हा गाठ सुटली. द्राक्षांचे १०० कोटी निर्यातीत जमा होतात. पण ते पैसे आपल्या बँकेच्या परदेशातील ठेवीत येतात, म्हणजे देशाची परदेशी मालमत्ता वाढते आणि ही वाढ भांडवली खात्यात नावे पडते. तेलाचे पैसे त्याच ठेवींतून गेले, म्हणून आयातीला १५० नावे आणि ठेवींना १५० जमा. कामगारांचे ३० आणि गुंतवणुकीचे ६० यांची दुसरी बाजूही ठेवींतच नावे पडते. डॉलरखरेदीच्या दोन्ही नोंदी भांडवली खात्यातच राहतात : बँकांच्या ठेवी २० ने घटतात, ही जमा, रिझर्व्ह बँकेकडील परकीय चलनाची गंगाजळी २० ने वाढते, ही नावे. सगळे मिळून ठेवींत निव्वळ २० नावे आणि गंगाजळीत २० नावे. उरलेले ४० कोटी हेच होते. आता भांडवली खाते अधिक २०, चालू खाते उणे २०, बेरीज शून्य.

रिझर्व्ह बँकेच्या पारंपरिक तक्त्यात गंगाजळीतील वाढ उणे चिन्हाने का दाखवतात, हेही इथेच समजते. ते चिन्ह पाहून गंगाजळी घटली असे कोणी समजू नये.

एक सूचना आधीच द्यायला हवी होती : मदत म्हणून फुकट धान्य पाठवले, तर निर्यातीत जमा करून तेवढीच रक्कम चालू खात्यातीलच एकतर्फी हस्तांतरणात नावे टाकावी. तिथे ठेवींना हात लावायचा नाही.

प्रत्यक्षात मालाची नोंद सीमाशुल्क खात्याकडून आणि पैशांची बँकांकडून येते. दोन्हींच्या तारखा आणि रकमा जुळत नाहीत. त्यामुळे छापील आकडेवारीत उरलेला फरक ‘चुका आणि वगळलेल्या नोंदी’ या ओळीत टाकून शून्य गाठले जाते. स्वाध्यायात मात्र ही ओळ वापरायची वेळ आली, तर एखाद्या व्यवहाराची दुसरी नोंद राहिली आहे असे धरून ती शोधावी.