रेंज एकीकडे, वावर दुसरीकडे: डोंगरातल्या ई-पीक पाहणीचा अनुभव

अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका भातपट्ट्यातल्या गावात 2024 च्या खरिपात ई-पीक पाहणीची माहिती पोचवायचं काम माझ्याकडे होतं. आपल्या शेतात काय पेरलंय हे शेतकऱ्यानं स्वतः ॲपमध्ये नोंदवायचं, शेतातच उभं राहून फोटो काढायचा, म्हणजे सातबाऱ्यावर पीक चढतं. ही पद्धत राज्यभर 2021 पासून आहे. नोंद करायची राहिली की सातबाऱ्यावर पिकाचा रकाना कोरा, आणि मग नुकसानभरपाईच्या वेळी तलाठ्याकडे खेपा.

मी पहिली चूक केली ती चार मिनिटांचा व्हिडिओ बनवून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याची. आठवड्यानं बघितलं तर निम्म्याहून जास्त जणांपर्यंत तो पोचलाच नव्हता. त्यांना वेगळा मेसेज पाठवला, तर एकच करडी टिक. दुसरी टिक येत नाही, याचा अर्थ माणूस दुर्लक्ष करतोय असा नसतो. त्याचा फोन नेटपर्यंत पोचलेलाच नसतो. हे मला कळायला गावात जावं लागलं. तिथं एका मामांनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं: "ताई, रेंज हाय तिथं वावर न्हाई. वावर हाय तिथं रेंज न्हाई."

मग मी कागद-पेन घेऊन गावभर फिरले. फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत सिग्नलचा आकडा दिसतो, ऋण चिन्हासकट. भाताच्या खाचरात तो उणे 118 च्या आसपास, म्हणजे नावापुरता. वरच्या देवळाच्या टेपावर उणे 98, म्हणजे बराच बरा. डोंगर मध्ये आला की सिग्नल सावलीत जातो, म्हणून दोनशे पावलांवर एवढा फरक. पण टेपावरही दुपारी काही उघडेना, दांड्या भरलेल्या असूनसुद्धा. दांड्या टॉवर किती नीट ऐकू येतोय ते सांगतात, टॉवरच्या पुढचा रस्ता मोकळा आहे की नाही ते सांगत नाहीत. लाइट गेली की थोड्या वेळानं टॉवरच झोपायचा, ते वेगळंच. सकाळी सातच्या आत मात्र काम व्हायचं.

यातून आम्ही एका कामाचे तीन तुकडे केले. ॲप उतरवणं, नोंदणी, ओटीपी आणि खातं निवडणं हे बाजाराच्या दिवशी, बाजारगावीच. दुसरा तुकडा वावरात: माहिती भरायची, फोटो काढायचा आणि जपून ठेवायचं. तिसरा टेपावर, पहाटे, फक्त अपलोड.

मधल्या तुकड्यात सगळे अडले. "लोकेशन येत नाही, नेट नाही ना" असं म्हणून लोक परत फिरायचे. खरं तर जीपीएसला नेट लागत नाही, तो थेट उपग्रहांचं ऐकतो. फक्त नेट असताना कोणता उपग्रह कुठे आहे ही माहिती फोन चटकन उतरवून घेतो. नेट नसेल तर तीच माहिती उपग्रहाकडून संथपणे ऐकावी लागते. म्हणून पहिल्यांदा काही मिनिटं लागतात. जांभळाच्या झाडाखाली उभं राहिलं तर आणखी. मी सांगू लागले, बांधावर उघड्या आभाळाखाली या, फोन हातात धरा आणि एक विडी ओढून होईपर्यंत काही दाबू नका. (विडीचा हिशेब माझा नव्हे, मामांचा.) फोन विमान मोडवर टाकला तर रेंज शोधण्यात बॅटरीही जात नाही, आणि बहुतेक फोनांत लोकेशन तरी चालूच राहतं.

एक नुकसान मात्र माझ्या डोळ्यांदेखत झालं. एका भावानं तीन खात्यांची पाहणी करून ठेवली होती. अपलोड अडकलं म्हणून कुणाच्या तरी सल्ल्यानं त्यानं ॲप काढून परत टाकलं. फोनमध्ये साठलेलं सगळं गेलं, कारण ते सर्व्हरवर अजून पोचलंच नव्हतं. माझ्या व्हिडिओत हे वाक्य नव्हतं. नंतर मी ते दर भेटीत सर्वांत आधी सांगायचे: अपलोड झाल्याचं दिसेपर्यंत ॲपला हात लावू नका.

सांगायचं कसं, तेही बदललं. व्हिडिओ सोडून दिला. साध्या फोनवरही कॉल लागतो, म्हणून मी वाड्यावाड्यांतल्या एकेका माणसाला फोन करून तीन तुकडे तोंडपाठ करून घेतले. ते भजनाला, दळणाला जमलेल्यांत पुढं जायचे. एका फोनवरून दुसऱ्याच्याही खात्याची पाहणी करता येते, याचा उपयोग बायकांना झाला. सातबारा बाईच्या नावावर आणि फोन मुंबईला गेलेल्या पोराकडे, अशी घरं बरीच होती.

तरी काही राहिलेच. मुदतीच्या शेवटच्या दिवसांत सर्व्हर इतका अडखळायचा की टेपावर पहाटे बसूनही चाक फिरत राहायचं. उरलेल्यांची नावं आम्ही कागदावर लिहून, पीक पाहणीला नेमलेल्या सहायकाच्या हातात दिली. मामांचं भात चढलं, टेपावरून उतरताना त्यांनी फोन पिशवीत टाकला आणि मला विचारलं, "आता रब्बीला पुन्हा असंच चढायचं का?"

मी हो म्हणाले.