आईस, वर्षश्राद्धाच्या दिवशी

प्रिय आई,

सकाळी भटजी येऊन गेले. वडे-खीर केली, कावळाही लगेच शिवला. पण तुला सांगायचंय ते गेल्या मंगळवारचं.

आमच्या आरोग्य केंद्रात तुझ्याच वयाची एक मावशी आली. जुना मधुमेह. दारातूनच म्हणाली, "पित्त जालां गो बाय, कितें तरी दी." आई, अगदी तुझाच सूर. छातीत कळ नाही, नुसती मळमळ, जबड्याशी जडपणा आणि घाम. मधुमेहाने नसा बधिर झाल्या की हृदयाचा झटका असाही येऊ शकतो, पित्ताचं सोंग घेऊन.

मी ईसीजी लावला. बाई ब्लाउज काढायला लाजते म्हणून घाईत वरच्या वर वाट्या चिकटवणारे आमच्यात आहेत, मला त्यांचा राग येतो. वाटी एक बरगडी वर गेली तरी पट्टी खोटं बोलू शकते. मी पडदा ओढला, घाम गॉझने कोरडा केला, बरगड्या बोटांनी मोजल्या आणि डावा स्तन उचलून चौथी वाटी त्याच्याखाली पाचव्या फटीत बसवली.

पट्टी नॉर्मल आली. मावशी उठू लागली. मी तिला उठू दिलं नाही. वाट्या तशाच ठेवून पंधरा मिनिटांनी दुसरी पट्टी काढली. लीड दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये रेघ उचलली गेली होती, म्हणजे हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका. डॉक्टर धावत आले. जिभेखालची गोळी द्यायच्या आधी मी चौथी वाटी छातीच्या उजव्या बाजूला लावून आणखी एक पट्टी काढली. तिथेही रेघ वर होती. उजवा कप्पा सापडला असेल तर त्या गोळीने रक्तदाब एकदम कोसळू शकतो, म्हणून ती दिली नाही. अ‍ॅस्पिरिन चावायला दिली, सलाईन लावलं आणि 108 मधून बांबोळीला पाठवलं. काल तिचा मुलगा सांगून गेला, स्टेंट बसला, पेज जेवते.

तुझी पट्टीही नॉर्मलच होती, आई. दवाखान्यातून दादाने तिचा फोटो पाठवला तेव्हा मी ड्युटीवर होते. मी बघितला आणि लिहिलं, "ठीक आहे, पित्ताची गोळी घे नि झोप." तुझ्या घामाबद्दल विचारलं नाही. दुसरी पट्टी काढा, असं त्या डॉक्टरांनीही म्हटलं नाही. पण ते तुला ओळखत नव्हते, मी ओळखत होते. तू कधी कण्हलीसुद्धा नाहीस. पहाटे तू गेलीस.

दुसऱ्या पट्टीत काही दिसलं असतं का, ते मला कधीच कळणार नाही.

ती पट्टी तुझ्या लुगड्यांच्या घडीत ठेवलीय. थर्मल कागद तो, एका पावसाळ्यात रेघा फिकट झाल्या. काल म्हापशाला जाऊन तिची झेरॉक्स काढून आणली.

तुझी,
बाय