चेक बाऊन्सची केस : घाई फिर्यादीला, तारखा आरोपीला

निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार, आम्ही त्यांना आण्णाच म्हणतो. व्यापाऱ्याने माल उचलला आणि २ लाख ४० हजारांचा ५ मार्चचा चेक हातात ठेवला. १२ मार्चला तो परत आला, मेमोवर 'फंड्स इनसफिशियंट'. पण व्यापारी रोज फोनवर "आठ दिवस थांबा आण्णा" म्हणत राहिला, आण्णा थांबले आणि वकील म्हणून माझ्याकडे आले तेव्हा एप्रिल निम्मा संपलेला. इथेच बहुतेकांचा घात होतो कारण बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेलीच पाहिजे, ती मुदत कोर्टसुद्धा वाढवून देत नाही.

चेक तीन महिने चालतो म्हणून वाचलो. पुन्हा भरायला लावला, २३ एप्रिलला परत आला, की नवे ३० दिवस सुरू. नोटिशीत रक्कम चेकची तीच, उगाच व्याज मिसळायचं नाही. आरपीएडीने, म्हणजे पोचपावतीच्या रजिस्टर पोस्टाने पाठवली, ६ मेला त्याला पोचली. मग त्याला पैसे द्यायला १५ दिवस, म्हणजे २१ मेपर्यंत. आण्णा म्हणाले लगेच केस टाका, म्हटलं नाही, १५ दिवसांच्या आत टाकली तर ती फिर्यादच धरत नाहीत. २२ मेपासून महिन्याच्या आत दाखल करायची, तशी केली.

इथवर सगळं तारीख न तारीख मोजून, आणि प्रोसेस इश्यू झाली, म्हणजे कोर्टाने आरोपीला समन्स काढलं, की मोजणंच बंद. समन्सवर शेरा 'पत्त्यावर मिळून आला नाही', हा माणूस मार्केटात रोज लिलावाला उभा! मग वॉरंट, पण पोलीस ठाण्यात खून-चोरीच्या वॉरंटांखाली चेक बाऊन्सच्या कलम १३८ चं वॉरंट कोण काढणार. आरोपी येत नाही तोवर पुढचं पान उलटत नाही. कायद्यात सहा महिन्यांत निकालाचा प्रयत्न करा असं लिहिलंय, आणि २०१९ अखेर देशात अशा ३५ लाखांवर केसेस पडून होत्या. त्यात फायनान्सवाले गठ्ठ्याने फिर्यादी टाकतात, कोर्टाच्या रोजच्या बोर्डावर पानंच्या पानं १३८ ची.

परवा तो एकदाचा उगवला, शेवटी नॉन बेलेबल वॉरंटमुळे. पांढरा शर्ट, वकिलाच्या मागे उभा. वॉरंट रद्द, जामीन, 'गुन्हा कबूल नाही', सगळं दहा मिनिटांत. आण्णांनी कोर्टातच माझी बाही ओढली, "सायेब, मंग आता पैसे?"

त्याने कबूल नाही म्हटलं की आपल्याला अंतरिम भरपाई मागता येते, चेकच्या जास्तीत जास्त २० टक्के, म्हणजे ४८ हजार. द्यायची का आणि किती हे मात्र कोर्टाच्या मर्जीवर. अर्ज तयारच ठेवला होता, तिथेच दिला. दोषी ठरला तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही, पण माझ्या पाहण्यात यातले बहुतेक तुरुंगाच्या अलीकडेच तडजोडीला येतात, आणि आण्णांनाही त्याला आत घालायचं नाहीये, द्राक्षाचे पैसे हवेत.

समोरच्या वकिलांनी आमच्या अर्जावर म्हणणं द्यायला मुदत मागितली. मिळाली.