पहिल्या ओळीवर गेलेली संध्याकाळ

बुधवार, रात्री साडेदहा. लष्कर, ग्वाल्हेर.

आज दुकान सातलाच बंद केलं आणि तेव्हापासून एका मेलच्या पहिल्या ओळीवर बसलो आहे. मेल एका विश्वस्त मंडळाच्या सचिवांना जायचा आहे. त्यांच्याकडे कीर्तनांच्या जुन्या कॅसेट आहेत आणि त्या डिजिटल करून द्यायचं काम मला हवं आहे. ते मला ओळखत नाहीत. अशा अनोळखी माणसाला आपण होऊन पाठवलेल्या मेलला कोल्ड ईमेल म्हणतात, आणि त्याचं बरंवाईट बहुतेक वेळा पहिल्या ओळीतच ठरतं.

धागा सोमवारचा आहे. तानसेन समारोहाच्या सकाळी हजिऱ्याला गेलो होतो. तानसेनांच्या समाधीपाशी आधी शहनाई, मग ढोलीबुवांची हरिकथा, मग मीलाद. लहानपणी बाबांचं बोट धरून जायचो, तेव्हापासून हा क्रम मनात बसला आहे. कार्यक्रम संपल्यावर चिंचेच्या झाडापाशी आमचे तबल्याचे सर भेटले. गळ्याला मफलर, हातात चहा. बोलता बोलता म्हणाले, "अरे, त्या सचिवांकडे कपाटभर कॅसेट आहेत कीर्तनाच्या. तुझंच काम आहे ते." सचिवही सकाळी तिथे होते, दोन रांगा पुढे. पण आमची ओळख झाली नाही, बोलणंही झालं नाही.

आज पहिल्यांदा लिहिलं ते असं: "नमस्कार, आपण कुशल असाल अशी आशा आहे. मी गेली नऊ वर्षं लष्करमध्ये…" वाचायला सभ्य वाटतं. पण मेल उघडण्याआधी माणसाला यादीत फक्त विषय आणि मजकुराची सुरुवात दिसते. म्हणून तो मेल हिच्या फोनवर पाठवून पाहिला. विषयाखाली एवढंच दिसत होतं: "नमस्कार, आपण कुशल असाल अशी आशा…" एका ओळीची जागा होती ती आणि तिच्यात ना सर, ना हरिकथा, ना कॅसेट. पॉलिसी विकणाऱ्याच्या मेलची सुरुवातही अशीच असते. खोडलं.

दुसऱ्यांदा लिहिलं: "सोमवारी तानसेन समारोहात आपली भेट झाली." ही ओळ दिसायला चांगली होती, पण खोटी. भेट झाली नाही, आम्ही एका मांडवात बसलो होतो एवढंच. सचिव वाचतील, आठवून पाहतील, काही आठवणार नाही, आणि मग पुढचं सगळं संशयाने वाचतील.

तिसरी ओळ खरी होती, पण तिने मलाच कसंतरी झालं: "सोमवारी आपण माझ्यापुढे दोन रांगांवर, करड्या शालीत बसला होतात." मी तिथे होतो याचा हा पुरावा खरा, पण अनोळखी माणसाने आपल्याला न्याहाळलेलं कुणाला आवडेल? समारोहाचा उल्लेख करायचा तर दोघांनी मिळून ऐकलेल्या गोष्टीचा करावा, समोरच्या माणसाचा नको. आणि "कार्यक्रम फार सुंदर झाला" असंही नको, ते तर घरी बसून वर्तमानपत्र वाचूनही लिहिता येतं.

मग सरांचं नाव. इथे हात अडखळतो, त्याला कारण आहे. गेल्या वर्षी एका संस्थेला लिहिताना मी एका ओळखीच्या काकांचं नाव न विचारता घातलं होतं, "यांच्या सांगण्यावरून लिहीत आहे" असं. तिथल्या बाईंनी मला उत्तर न देता सरळ काकांनाच फोन केला. काकांना काहीच ठाऊक नव्हतं, ते म्हणाले, "मी कुणाला काही सांगितलेलं नाही." ते काम तर गेलंच, काका पुढे लग्नाकार्यात भेटले तरी दोन शब्द बोलून पुढे जायचे. मला अजून वाईट वाटतं, कारण चूक सर्वस्वी माझी होती. ज्याचं नाव पहिल्या ओळीत घालतो, त्याला फोन जाणार असं धरूनच लिहायला हवं.

म्हणून या वेळी आधी सरांना फोन केला. ते म्हणाले, "नाव घाल की. पण मी शिफारस केली असं लिहू नकोस. तुझ्या मशीनवर वाजलेलं मी अजून ऐकलेलं नाही. कॅसेट आहेत हे मी सांगितलं, तेवढंच लिही." किती नेमका माणूस! नाव वापरायला परवानगी मिळाली, पण कशापुरती, तेही समजलं. 'सांगितलं' आणि 'सुचवलं' यांतला फरक सचिवांना पहिल्या फोनमध्येच कळला असता.

शेवटी ओळ अशी झाली (सरांचं नाव इथे गाळतो):

"— सरांनी सोमवारी हजिऱ्याला हरिकथेनंतर सांगितलं, की आपल्याकडे कीर्तनांच्या जुन्या कॅसेट आहेत, त्यांच्याबद्दलच लिहीत आहे."

सरांचं नाव अगदी पुढे घेतलं, कारण फोनवर पुढचे शब्द कापले गेले तरी ते दिसायला हवं. हिच्या फोनवर पुन्हा पाहिलं: नाव, सोमवार आणि हजिरा एवढं दिसतं. मी कोण, किती वर्षांचा अनुभव, हे सगळं तिसऱ्या वाक्यात गेलं. विषय साधा ठेवला: "कीर्तनाच्या जुन्या कॅसेट". त्याच्या आधी उत्तर असल्यासारखं `Re:` लावायचं एकाने सुचवलं होतं. ते करणार नाही, न झालेल्या पत्रव्यवहाराचं सोंग आहे ते.

खरी कसोटी दुसऱ्या वाक्याची होती. ओळखीची ओळ लिहून लगेच "आमच्या सेवा पुढीलप्रमाणे" आलं, की हरिकथा नुसती दार उघडायला वापरली असं वाटतं. म्हणून दुसरं वाक्य त्याच कॅसेटवर ठेवलं: "कॅसेटच्या उघड्या कडेला, मधोमध, टेपच्या मागे नमद्याचा एक लहान तुकडा असतो, जुन्या कॅसेटमध्ये त्याचा गोंद सुटून तो पडतो, आणि मग आवाज दबका, चढउतार होणारा येतो." पुढे एवढंच विचारलं, की एखाद्या कॅसेटमध्ये तो पडलेला दिसतो का. कपाट उघडून दोन मिनिटांत पाहता येईल असं आहे हे. तसा तुकडा पडला असेल तर फीत दुसऱ्या धड कवचात बसवून वाजवता येते, हेही लिहिलं.

मेल मराठीतच ठेवला. दुकानाचा बाकी पत्रव्यवहार हिंदीत चालतो, पण हरिकथा ऐकायला आलेल्या मराठी माणसाला तिच्याबद्दल हिंदीत लिहिणं मला परकं वाटलं. कार्यालयातल्या कुणी आधी उघडला तरी लिपी एकच आहे, अंदाज लागेल.

आणखी दोन संस्थांकडेही असा साठा असल्याचं ऐकून आहे. त्यांना ही ओळ चालणार नाही. तिथे सर कुणाला ओळखत नाहीत आणि सोमवारी कोण आलं होतं ते मला माहीत नाही. त्यांना ओळखीशिवायच, सरळ कॅसेटपासून सुरुवात करून लिहीन. हा मेल मात्र याच आठवड्यात जायला हवा. महिन्याने "सोमवारी" लिहिता येणार नाही, आणि "गेल्या महिन्यात समारोहात" म्हटलं की शोधून काढलेलं निमित्त वाटतं.

ओळ सरांना पाठवली होती. आत्ता त्यांचा निरोप आला: "ठीक आहे. फोन आला तर हेच सांगेन. पण 'जुन्या' काढ, त्यांना लागेल." विषयातूनही काढला, ओळीतूनही. उद्या सकाळी दहाला पाठवतो.